पॉइंट्स, रेकबॅक आणि कॉम्प: हरलेल्या पैशातले खरोखर किती परत येतात, हे कसं मोजायचं

गेल्या वर्षी एका मित्राने त्याच्या ऑनलाइन कॅसिनो खात्याचं महिन्याचं स्टेटमेंट माझ्यासमोर ठेवलं. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात १३,८०० पॉइंट्स झळकत होते. खाली बारीक अक्षरात एकूण लावलेली रक्कम होती, १,३८,०००. तो म्हणाला, "अरे, एवढे पॉइंट्स जमलेत, म्हणजे बरंच काही परत मिळतंय ना?" मी वही काढली. अर्ध्या तासाने उत्तर हाती आलं: त्या महिन्यात अपेक्षित तोट्याच्या दीड टक्क्याहूनही कमी. त्याला धक्का बसला आणि मला वाईट वाटलं, कारण पॉइंट्स वाढवण्यासाठी तो मुद्दाम जास्त खेळला होता.

तोच हिशेब इथे पायरीपायरीने मांडतो. चलन कुठलंही असो, गणित बदलत नाही, म्हणून मी नुसते आकडे लिहिणार आहे.

आधी भाजक ठरवा

बहुतेकांची चूक इथेच होते. पॉइंट्समधून मिळालेली रक्कम कशाशी ताडून पाहायची? कोणी खात्यात भरलेल्या पैशांशी ताडतो, कोणी महिन्याच्या प्रत्यक्ष तोट्याशी, तर कोणी कशाशीच नाही. योजना चांगली की वाईट हे ठरवायला योग्य भाजक एकच आहे, तो म्हणजे अपेक्षित तोटा. कॅसिनोच्या भाषेत याला थिओ म्हणतात, थिअरेटिकल लॉसचं छोटं रूप. कॅसिनो स्वतः तुमची किंमत याच आकड्याने मोजतो.

अपेक्षित तोटा म्हणजे एकूण लावलेली रक्कम गुणिले हाउस एज. हाउस एज म्हणजे प्रत्येक पैजेतले सरासरी किती टक्के कॅसिनोकडे राहतात तो आकडा. 'एकूण लावलेली' हे शब्द नीट लक्षात घ्या. खात्यात १,००० भरून १० च्या पैजा लावत राहिलात, जिंकलेले पुन्हा लावत गेलात, तर ते हजार संपेपर्यंत २०-२५ हजारांच्या पैजा सहज लागलेल्या असतात. पॉइंट्स या पैजांवर मिळतात आणि तोटाही याच पैजांवर होतो. म्हणून दोन्हींची तुलना याच पायावर करायची.

हाउस एज खेळागणिक बदलते. एकच शून्य असलेल्या रुलेटमध्ये ती २.७० टक्के असते आणि दोन शून्यं असली की ५.२६ टक्के. बॅकरॅटमध्ये बँकरवरची पैज १.०६ टक्के घेते, पण टायवरची, म्हणजे बरोबरीवरची पैज ८ पट देणाऱ्या टेबलावर १४ टक्क्यांहून जास्त घेते. ब्लॅकजॅकमध्ये नियम बरे असतील आणि तुम्ही बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे हातातल्या पत्त्यांप्रमाणे गणिताने ठरलेली चाल, चुकवत नसाल, तर ती साधारण अर्धा टक्का असते. स्लॉटमध्ये आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशातले सरासरी खेळाडूंना परत जाणारे टक्के, दिलेला असतो. तो १०० मधून वजा केला की हाउस एज मिळते. ९६ टक्के आरटीपी म्हणजे ४ टक्के एज.

स्लॉटबाबत एक खबरदारी. एकाच नावाचा, दिसायलाही अगदी एकसारखा स्लॉट वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांमध्ये मिळतो आणि कुठली लावायची ते साइट ठरवते. त्यामुळे आरटीपी इकडेतिकडे वाचून न घेता, तुम्ही जिथे खेळता तिथल्याच खेळाच्या माहितीच्या पानावर पाहा. ९६ ऐवजी ९४ निघाला तर तुमचा तोटा दीडपट होतो आणि पॉइंट्स मात्र तेवढेच राहतात.

पॉइंट्सचं पैशात रूपांतर

मित्राच्या योजनेचे नियम असे होते. स्लॉटवर १० लावले की १ पॉइंट. रुलेटवर ३० ला १ पॉइंट. ब्लॅकजॅकवर १०० ला १ पॉइंट. १०० पॉइंट्सचा १ मिळतो.

दोन पायऱ्यांचं हे रूपांतर एका वाक्यात आणा: १ मिळवायला किती लावावे लागतात? स्लॉटवर १,०००, रुलेटवर ३,०००, ब्लॅकजॅकवर १०,०००. आता प्रत्येकावरचा अपेक्षित तोटा काढा. ९६ टक्के आरटीपीच्या स्लॉटवर १,००० लावले की ४० जातात. रुलेटवर ३,००० ला ८१ जातात. ब्लॅकजॅकवर बिनचूक खेळलात तर १०,००० ला ५० जातात.

म्हणजे स्लॉटवर ४० हरून १ परत, अडीच टक्के. रुलेटवर ८१ हरून १ परत, सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. ब्लॅकजॅकवर ५० हरून १ परत, २ टक्के. टेबलावर पॉइंट्स दहापट हळू जमतात म्हणून लोक चिडतात, पण तोट्याच्या प्रमाणात पाहिलं तर ब्लॅकजॅक स्लॉटच्या फार मागे नाही. खरा गाळात जातो तो रुलेट खेळणारा. नुसत्या पॉइंट्सच्या दराकडे पाहून हे कधीच दिसत नाही.

ब्लॅकजॅकच्या आकड्याला मात्र 'बिनचूक' ही अट आहे. अंदाजपंचे खेळणाऱ्याची एज सहज दीड टक्क्यावर जाते. मग १०,००० ला १५० जातात आणि परतावा ०.६७ टक्क्यावर येतो. योजना तीच, टेबल तेच, फक्त खेळणारा वेगळा.

छापील किंमत आणि हातात पडणारी किंमत

मित्राने महिनाभर फक्त स्लॉट खेळले होते. १,३८,००० वर ४ टक्क्यांनी अपेक्षित तोटा ५,५२०. पॉइंट्स १३,८००, म्हणजे छापील किंमत १३८. भागाकार केला की बरोबर अडीच टक्के. इथवर तो खूश होता.

पण नियमांच्या पानावर तीन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीने त्यातून काहीतरी कापलं.

पहिली ओळ: रूपांतर ५,००० पॉइंट्सच्या पटीतच होतं. म्हणून १३,८०० पैकी १०,००० च बदलता आले. ३,८०० लटकले.

दुसरी ओळ: ३० दिवस खेळ झाला नाही तर उरलेले पॉइंट्स रद्द. मित्र पुढचा महिना खेळणार नव्हता, त्यामुळे ते ३,८०० त्याच्यासाठी शून्यच होते. खेळत राहणाऱ्यासाठी ते शून्य नसतात, पुढच्या हिशेबात येतात. म्हणून इथे स्वतःच्या सवयीशी प्रामाणिक राहून आकडा भरा.

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची: पॉइंट्सचे पैसे रोख न मिळता बोनस म्हणून मिळतात आणि काढण्याआधी ते पाच वेळा लावावे लागतात. १०० चा बोनस, पाच वेळा, म्हणजे ५०० च्या पैजा. त्यावर ४ टक्के, म्हणजे २० जाणार. उरले ८०.

८० भागिले ५,५२०, म्हणजे १.४५ टक्के. छापील अडीच टक्क्यांतले चाळीस टक्क्यांहून जास्त या तीन ओळींनी खाल्ले.

बोनस किती वेळा लावायचा हा आकडा वाचताना एक झटपट परीक्षा करता येते. त्याला हाउस एजने गुणा. पाच पट गुणिले ४ टक्के, म्हणजे बोनसचे २० टक्के जाणार. ३० पट असेल तर १२० टक्के, म्हणजे कागदावर बोनसपेक्षा खर्चच जास्त. प्रत्यक्षात बोनस संपला की खेळ थांबतो, त्यामुळे तुमच्या खिशाला तोशीस लागत नाही. पण बहुतेक वेळा हाती शून्य येतं आणि क्वचित कधी नशिबाने काही उरतं. अशा बोनसला मी हिशेबात शून्य धरतो आणि कधी काही मिळालंच तर त्या दिवशी जमेला लिहितो.

बोनस कुठल्या खेळात लावता येतो तेही पाहा. ब्लॅकजॅकवर लावलेल्या रकमेचे फक्त १० टक्के मोजले जाणार असतील, तर पाच पट म्हणजे प्रत्यक्षात पन्नास पट. पन्नास गुणिले अर्धा टक्का, म्हणजे पंचवीस टक्के खर्च. कमी एजच्या खेळात जाऊन बोनस वाचवण्याची वाट अशी आधीच बंद केलेली असते.

'थोडेच कमी आहेत' हा सापळा

मित्राला मी ३,८०० पॉइंट्स लटकल्याचं दाखवलं, तसं त्याचं पहिलं वाक्य होतं, "मग अजून १,२०० मिळवतो, पुढचा गठ्ठा पूर्ण होईल." ही इच्छा इतकी स्वाभाविक आहे की तिचं गणित वेगळं मांडायलाच हवं.

१,२०० पॉइंट्स म्हणजे १२,००० च्या पैजा. ४ टक्क्यांनी अपेक्षित तोटा ४८०. मिळणार काय? ५,००० पॉइंट्सचा बोनस ५० आणि तो पाच वेळा लावल्यावर ४०. हे ४० मिळवण्यासाठी ४८० खर्च. हे मी त्याला नुसतं सांगितलं नाही, त्याच्याच हाताने वहीत लिहायला लावलं. लिहिताना ४८० वर त्याचा पेन थांबला.

जास्त पॉइंट्स जमवले की योजनेत वरची लेव्हल मिळते. तिच्या बाबतीत हाच सापळा मोठा होतो. समजा वरच्या लेव्हलवर रूपांतराचा दर दीडपट आहे, १०० पॉइंट्सना १ ऐवजी १.५. तिथे पोहोचायला अजून २०,००० पॉइंट्स हवेत, म्हणजे २,००,००० च्या पैजा, म्हणजे ८,००० अपेक्षित तोटा. वरच्या लेव्हलचा जादा फायदा फक्त वाढीव अर्ध्याचा, प्रत्येक १,००० च्या पैजांमागे अर्धा. तो जमवत ते ८,००० वसूल करायला १ कोटी ६० लाखांच्या पैजा लावाव्या लागतील आणि तेवढ्यात ६,४०,००० हरून झालेले असतील.

म्हणून नियम साधा आहे. जेवढं खेळणार होतात तेवढंच खेळून लेव्हल वाढली, तर तो जादा दर जमेला धरा. लेव्हलसाठी एक जरी पैज जादा लावली, तर त्या पैजेचा पूर्ण तोटा लेव्हलच्या खर्चात टाका. आजवर अशा जादा खेळाची बेरीज कुणाच्याही वहीत फायद्याची आलेली मी पाहिली नाही. पॉइंट्सचा दर तोट्याच्या दोन-अडीच टक्के असताना ती येणारच नाही.

पोकरचा रेकबॅक: इथे गणित उलटं का होतं

कॅसिनोच्या खेळात तुमचा तोटा म्हणजे कॅसिनोचा नफा. पोकरमध्ये तसं नसतं. तिथे टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, रेक घेतो, सहसा पॉटचे ठरावीक टक्के, एका कमाल मर्यादेपर्यंत. बाकीचा पैसा खेळाडूंमध्ये फिरतो. या रेकमधला जो हिस्सा परत मिळतो तो रेकबॅक, आणि तो फक्त रेकवर मिळतो. समोरच्याने तुमच्याकडून जिंकलेल्या पैशावर काहीच परत मिळत नाही. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा होतो.

समजा बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी भरायची सक्तीची पैज, २ आहे आणि तुम्ही महिन्यात १०,००० हात खेळलात. तुमच्या वाट्याचा रेक दर १०० हातांमागे ८ बिग ब्लाइंड, म्हणजे १६. महिन्याचा रेक १,६००. रेकबॅक ३० टक्के, म्हणजे ४८०. दर १०० हातांमागे २.४ बिग ब्लाइंड.

आता दोन खेळाडू घेऊ. तुलना सोपी व्हावी म्हणून दोघांनीही १,६०० च रेक भरला असं धरू.

पहिला रेक धरून दर १०० हातांमागे ३ बिग ब्लाइंड हरतो. महिन्याचा तोटा ६००. त्याला ४८० परत मिळाले, म्हणजे तोट्याच्या ८० टक्के. रेक बाजूला काढला तर तो समोरच्यांना १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंडने हरवतोय. त्याला बुडवतोय तो रेकच. त्यामुळे त्याच्यासाठी रेकबॅकचा प्रत्येक टक्का जिवाचा आहे. ३० ऐवजी ४० टक्के मिळाले तर तो नफ्यात येतो.

दुसरा दर १०० हातांमागे १२ बिग ब्लाइंड हरतो. तोटा २,४००. परत तेच ४८०, पण आता तोट्याच्या २० टक्केच. त्याच्या २,४०० पैकी ८०० समोरच्या खेळाडूंकडे गेले आणि त्या भागावर कुठलीच योजना काही देत नाही. १० टक्के जास्त रेकबॅक शोधत फिरण्यापेक्षा लहान ब्लाइंडच्या टेबलावर जाण्यातच त्याचे जास्त पैसे वाचतात.

जाहिरातीत दोघांनाही '३० टक्के रेकबॅक' दिसतं. तोट्याच्या प्रमाणात एकासाठी ते ८० आहे, दुसऱ्यासाठी २०. म्हणून पोकरमध्ये दोन आकडे वेगळे लिहा: भरलेल्या रेकमधलं किती परत आलं आणि एकूण तोट्यातलं किती.

त्या ३० टक्क्यांतूनही काही वेळा कपात होते. काही ठिकाणी आधी मिळालेला बोनस रेकमधून वजा करून मग टक्के लावतात. १,६०० मधून २०० चा बोनस वजा केला तर १,४०० वर ३० टक्के, म्हणजे ४२०. खरा दर सव्वासव्वीस टक्के. नियमांत 'नेट' हा शब्द दिसला की कशातून काय वजा होतं ते लेखी विचारून घ्या.

रेक तुमच्या नावावर कसा लिहिला जातो, हाही मोठा फरक पाडणारा भाग आहे. समजा सहा जणांचं टेबल आहे, पॉट ६० चा झाला आणि त्यातून ३ रेक कापला. दोघांनी २९-२९ घातले, एकाने बिग ब्लाइंडचे २ घालून पत्ते टाकले, बाकीच्यांनी काहीच घातलं नाही. डेल्ट पद्धतीत पत्ते मिळालेल्या सहाही जणांच्या नावावर अर्धा-अर्धा लिहिला जातो. वेटेड कॉन्ट्रिब्युटेड पद्धतीत प्रत्येकाने घातलेल्या रकमेच्या प्रमाणात वाटतात: दोघांना १.४५, ब्लाइंडवाल्याला ०.१०, बाकीच्यांना शून्य. जपून खेळणाऱ्याला डेल्ट पद्धतीत न भरलेल्या रेकवरही परतावा मिळतो. तोच खेळाडू दुसऱ्या पद्धतीत गेला की टक्के तेच दिसतात आणि रक्कम आटते. दोन साइट्सची तुलना करताना हे आधी विचारा, टक्के नंतर.

पोकरबाहेरच्या काही ऑनलाइन कॅसिनोंतही आता रेकबॅक हा शब्द वापरतात. तिथे सहसा पैज गुणिले हाउस एज गुणिले टक्के असं सूत्र असतं. त्यात खेळाची खरी एज वापरली असेल तर १० टक्के रेकबॅक म्हणजे खरोखर अपेक्षित तोट्याचे १० टक्के. पण सगळ्या खेळांना सरसकट १ टक्का एज धरली असेल, तर ४ टक्क्यांच्या स्लॉटवर ते १० टक्के उरतात फक्त अडीच. तपासायला एक लहान प्रयोग पुरतो: एकाच खेळात ठरलेल्या रकमेच्या पैजा लागल्यावर रेकबॅकच्या खात्यात किती जमा झाले ते पाहा आणि उलट भागाकार करून त्यांनी धरलेली एज काढा.

टेबलावरचे कॉम्प

प्रत्यक्ष कॅसिनोत टेबलावर खेळणाऱ्याचा थिओ अंदाजाने काढतात: सरासरी पैज, ताशी हात, तास आणि त्यांनी त्या खेळासाठी धरलेली एज, या चारांचा गुणाकार. त्याचा ठरावीक हिस्सा खोली, जेवण, तिकिटं अशा रूपात परत करतात, यालाच कॉम्प म्हणतात.

समजा सरासरी पैज ५०, ताशी ७० हात, ४ तास. एकूण १४,००० लागले. कॅसिनोने ब्लॅकजॅकची एज दीड टक्का धरली, थिओ २१०. त्यातले ३० टक्के दिले, म्हणजे ६३ चं कॉम्प. तुम्ही बेसिक स्ट्रॅटेजी तंतोतंत पाळता, म्हणून तुमचा खरा अपेक्षित तोटा ७०. कागदावर ७० मधले ६३ परत, नव्वद टक्के! कॅसिनो सरासरी खेळाडूची एज धरतो, त्यामुळे नीट खेळणाऱ्याला तिथे जास्त मिळतं, हे खरंच आहे.

पण ६३ हा दरपत्रकावरचा आकडा आहे. स्वतःला विचारा, हे फुकट नसतं तर मी खिशातून किती दिले असते? उत्तर २५ असेल तर कॉम्पची किंमत २५ च आणि परतावा ३६ टक्के. काहीच दिलं नसतं तर शून्य. वस्तूच्या रूपातल्या प्रत्येक बक्षिसाला हीच कसोटी लावा, मग ते पॉइंट्सच्या दुकानातलं घड्याळ का असेना.

हरलेल्या रकमेवरचा कॅशबॅक

हा प्रकार वेगळा आहे, कारण इथे प्रत्यक्ष तोटाच मोजला जातो. महत्त्वाचं काय, तर हिशेब किती दिवसांचा करतात. चार आठवड्यांचे निकाल पाहा: ३,००० हरले, २,००० जिंकले, १,५०० हरले, १,००० जिंकले. महिन्याचा निव्वळ तोटा १,५००. १० टक्के कॅशबॅक महिन्याच्या हिशेबाने १५०. आठवड्याच्या हिशेबाने हरलेल्या दोन आठवड्यांवर ३०० आणि १५०, म्हणजे ४५०, निव्वळ तोट्याच्या ३० टक्के. जिंकलेल्या आठवड्यांचं काही परत मागत नाहीत, म्हणून कालावधी जितका लहान तितका खेळाडूचा फायदा.

याच असमतोलावर डॉन जॉन्सन या खेळाडूने २०११ पर्यंतच्या काही महिन्यांत अटलांटिक सिटीच्या तीन कॅसिनोंमधून ब्लॅकजॅकवर सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. त्याने तोट्यावर २० टक्के सूट आणि टेबलाचे अनुकूल नियम दोन्ही आधी ठरवून घेतले होते. अफाट मोठ्या पैजा लावणाऱ्यालाच अशा अटी मागता येतात. सर्वसाधारण खात्यातल्या कॅशबॅकला कमाल मर्यादा असते आणि बहुधा बोनस लावण्याची अटही, म्हणून वर बोनससाठी केलेली कपात इथेही करा.

वही कशी ठेवायची

एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक खेळासाठी वेगळी ओळ करा. A मध्ये लावलेली रक्कम, B मध्ये हाउस एज टक्क्यांत, C मध्ये प्रत्यक्ष मिळालेला बोनस किंवा रोख रक्कम, D मध्ये तो किती वेळा लावायचा. रोख असेल तर D मध्ये शून्य.

```
E2: =A2*B2
F2: =MAX(0, C2*(1-D2*B2))
G2: =F2/E2
```

E अपेक्षित तोटा, F हातात पडणारी किंमत, G तोट्यातला परताव्याचा हिस्सा. मित्राचे आकडे भरून पाहा: A मध्ये 138000, B मध्ये 4%, C मध्ये 100, D मध्ये 5. G मध्ये १.४५ टक्के यायला हवेत. आले नाहीत तर बहुधा B मध्ये टक्क्याचं चिन्ह राहिलं असेल. बोनस वेगळ्या खेळात लावणार असाल, तर F च्या सूत्रात त्या खेळाची एज घ्या. पोकरच्या ओळीला हे सूत्र लावू नका. तिथे हाउस एज नसते, म्हणून E मध्ये भरलेला रेक थेट लिहा.

शेजारी H मध्ये महिन्याचा प्रत्यक्ष तोटाही लिहीत जा. मित्राचा त्या महिन्याचा प्रत्यक्ष तोटा ७,३०० होता, अपेक्षेपेक्षा १,७८० जास्त. त्यावर ८० म्हणजे १.१ टक्के. एका महिन्यात एवढा फरक साधाच आहे, विशेषतः स्लॉटमध्ये, जिथे बराचसा आरटीपी क्वचित येणाऱ्या मोठ्या बक्षिसांत अडकलेला असतो. पण महिन्यामागून महिने, मोठ्या रकमेच्या पैजांनंतरही H सतत E च्या बऱ्याच वर राहत असेल, तर B मधला आकडा पुन्हा तपासा. खेळाची आरटीपीची आवृत्ती बदललेली असू शकते, ब्लॅकजॅकमध्ये तुमच्या चुका धरल्यापेक्षा जास्त असू शकतात किंवा जादा एजच्या साइड बेट्स तुम्ही मुख्य पैजेतच मोजत असाल.

योजनेच्या नियमांचं पान दर तीन महिन्यांनी जतन करून ठेवा. पॉइंट्स मिळण्याचा दर सहसा तोच ठेवतात आणि रूपांतराचा दर हळूच बदलतात; १०० पॉइंट्सना १ चं १२५ ला १ झालं, तर जमलेल्या सगळ्या पॉइंट्सची किंमत एका रात्रीत २० टक्क्यांनी खाली येते. म्हणून पॉइंट्स साठवायचे नाहीत, रूपांतराचा सर्वांत लहान गठ्ठा पूर्ण झाला की त्याच दिवशी बदलून घ्यायचे.